सोमवारी सकाळी सव्वासात

मुलं परदेशी असलेली आपल्यासारखी मंडळी एकत्र आली की एक प्रश्न हमखास निघतो, "तुमच्याकडे फोन कधी असतो?" कुणी सांगतं रोज, कुणी सांगतं रविवारी, आणि कुणी म्हणतं, "त्याला वेळ होईल तसा." आज मला बोलायचंय ते या तिसऱ्या उत्तरवाल्यांशी. वेळ होईल तसा फोन आला की बरं वाटतं, यात शंका नाही. पण तो येत नाही त्या दिवसांचं काय करायचं? आज नाही आला म्हणजे कामात असेल, बरं नसेल, की आपल्या परवाच्या बोलण्याचा राग आला असेल? दुपारी पडल्या पडल्या हेच चालू राहतं. फोनची वेळ ठरवायची ती या मधल्या दिवसांसाठी. सोमवार आणि गुरुवार ठरला असेल तर मंगळवारच्या शांततेला काही अर्थ उरत नाही, आणि ती तशीच निरर्थक असलेली बरी.

पूर्वी हे ठरवायची गरज पडत नव्हती, कारण ते काम बिल करत असे. पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी बूथमध्ये काचेच्या आड उभं राहायचं, मशीनवरचे लाल आकडे पळताना बघायचे आणि बोलणं आवरायचं. घरचे सगळे रांगेत, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार वाक्यं. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदाच फोन, हे दोन्हीकडे न बोलता मान्य होतं. आता फोन फुकट झाला, आणि त्याबरोबर ती मान्य असलेली मर्यादाही गेली. पैसे पडत नाहीत, मग न करण्याचं कारण काय, असं आपल्याला वाटतं. आणि मग उरतं ते एकच कारण आपण मनाशी धरतो, की मुलाला करावासाच वाटत नाही. त्यात व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणा. "मेसेज वाचलास, ऑनलाइन दिसत होतीस, मग दोन शब्द लिहायला काय झालं?" हा संवाद किती घरांत झाला असेल! ऑनलाइन दिसणारी मुलगी त्या क्षणी ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर देत असेल किंवा पोराच्या शाळेची सूचना वाचत असेल, हे त्या खुणेत दिसत नाही.

माझी मावसबहीण साताऱ्याला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो, तिच्या यजमानांना दाजी. वयं अनुक्रमे अडुसष्ट आणि त्र्याहत्तर. लेक-जावई सिएटलला, दोघंही नोकरी करणारे, नात पाच वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात लेक आली होती तेव्हा या तिघांचं फोनवरून चांगलंच वाजलं आणि मध्यस्थ म्हणून मला बोलावणं आलं. दाजींचं म्हणणं, "रोज पाच मिनिटं जड आहेत का?" लेकीचं म्हणणं, "बाबा, पाच मिनिटांचा फोन पाच मिनिटांत कधी संपलाय? आणि रोज केला की ती हजेरी होते. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं काल का नाही केलास यातच जातात." दोघांचंही खरं होतं. मी म्हटलं, आधी कागद आणा.

कागदावर दोन घरांचा दिवस लिहिला. साताऱ्याचा सोपा: दाजी सहाला फिरायला जातात, सातपर्यंत परत, चहा, पेपर, आंघोळ, पूजा. दुपारी दोन ते चार वामकुक्षी. रात्री आठला जेवण, रक्तदाबाची गोळी आणि पावणेदहाला अंथरूण. सिएटलचा दिवस आवळलेला: आठला घर सोडायचं, पावणेसहापर्यंत परत, साडेसहाच्या आत पोरीचं जेवण, आठला तिला झोपवायचं. शनिवारी सकाळी तिचा पोहण्याचा वर्ग, शनिवारी संध्याकाळी बहुतेक कुणी तरी जेवायला किंवा हेच कुणाकडे तरी.

आता घड्याळ. सिएटल उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असतं. हे डोक्यात बसवायची सोपी रीत म्हणजे सकाळची रात्र करायची, रात्रीची सकाळ करायची आणि अर्धा तास वजा करायचा. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात. आपल्याकडे सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेसात. हिवाळ्यात मात्र अंतर साडेतेरा तासांचं होतं, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. आपण काहीच बदलत नाही, त्यामुळे हा तास कुणाला तरी सोसावा लागतो. तो कुणी सोसायचा हे आधी ठरलं नाही, तर नोव्हेंबरातला पहिलाच फोन चुकतो आणि दोष मुलावर येतो.

हे सगळं समोर मांडल्यावर आजवरच्या कटकटीचं कारण दिसलं. अक्का-दाजींची आवडती वेळ म्हणजे रविवार सकाळ, नऊ. ही सिएटलची शनिवारची रात्र, साडेआठ. नात झोपलेली, घरात पाहुणे. लेक फोन उचलायची तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहून, हलक्या आवाजात, "हो, हो, बोल" करत. दुसरी वेळ दाजींनी काढली होती ती रोज रात्री साडेआठची, जेवण झाल्यावर. ते तिकडचे सकाळचे आठ, म्हणजे पोरीच्या बुटाचा दुसरा पाय सापडत नसण्याची वेळ. दोन्ही वेळा आपल्या बाजूने निवांत आणि तिच्या बाजूने सर्वांत वाईट. तिच्या तुटक बोलण्याचा अर्थ अक्का मात्र भलताच लावत होती.

मग दाजींना मी विचारलं, "तुम्हाला रविवारच का हवा?" ते म्हणाले, "सुट्टी असते म्हणून." आता निवृत्त होऊन चौदा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाला रविवारची सुट्टी कसली! सुट्टी लेकीला असते, आणि तिचा रविवार संध्याकाळी मोकळा असतो. सिएटलला रविवारी संध्याकाळी पावणेसात, पोरीचं जेवण झालेलं आणि झोपायला सव्वा तास बाकी, तेव्हा साताऱ्यात सोमवारचे सकाळचे सव्वासात असतात. दाजी फिरून आलेले, चहा समोर, दिवस ताजा. मोठा फोन तिथे ठरला: सोमवारी सकाळी सव्वासात. नोव्हेंबर ते मार्च सव्वाआठ, म्हणजे तिकडची वेळ पोरीच्या झोपेला धरून बारा महिने तीच आणि तो तास आपण सोसायचा. आपल्याला सकाळी कुठली गाडी पकडायची नसते.

इथे एक गोष्ट आपण मुलींचे आणि मुलांचे आई-बाप फार सोयीस्करपणे विसरतो. तिकडच्या त्या घराला दोन माहेरं-सासरं आहेत. जावयाचे आई-वडील नागपूरला असतात, त्यांनाही नात बघायची असते. रविवारी सकाळी साडेसात ही सिएटलची वेळ, म्हणजे आपल्याकडचे रविवारचे रात्रीचे आठ, त्यांना दिली. शनिवार पूर्ण मोकळा सोडला. आठवड्याच्या सुट्टीतला एक अख्खा दिवस मुलांना कुणाचाच फोन नसावा, ही अट मी घातली, आणि लेकीने पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला.

दुसरा, छोटा फोन गुरुवारी सकाळी नऊला, हिवाळ्यात दहाला. तिकडे बुधवारची रात्र, साडेआठ, पोरगी झोपलेली. हा फोन फक्त अक्का आणि लेक यांचा. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. अक्का फोन कट्ट्यावर ठेवून स्पीकरवर बोलते आणि मेथी निवडते, तिकडे लेक दुसऱ्या दिवसाचे डबे भरते. समोर चेहरा नसला की बाई मोकळं बोलते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. व्हिडिओवर लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात आणि आईचा पहिला प्रश्न "झोपत नाहीस का?" असतो; आवाजावर तीच लेक आपण होऊन सांगते की गेले दोन आठवडे झोप नाही.

दाजींच्या 'रोज'चं काय झालं? तेही पूर्ण टाकलं नाही. रोजचा एक निरोप ठरला, पण उलट्या दिशेने: तो अक्का-दाजींनी पाठवायचा. सकाळी दहाच्या आत एक फोटो किंवा दोन शब्द. जास्वंदीला आलेलं फूल, ताटातलं थालीपीठ, काहीही. त्याला उत्तर यायलाच हवं असं नाही. आपण नेहमी आपल्या काळजीचं बोलतो, पण सत्तरीच्या आसपासचे दोघं जण घरात एकटे आहेत याची धास्ती तिकडे मुलांना असते आणि ती ते सांगत नाहीत. आपल्याकडचे सकाळचे दहा म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. निरोप आला नसेल तर झोपण्यापूर्वी लेक फोन करते, तो उचलला नाही तर शेजारच्या वहिनींना. शेजारच्यांचा नंबर तिच्याकडे आणि तिचा त्यांच्याकडे, हे त्याच दिवशी करून टाकलं.

यानंतर तातडीचं. ठरलेल्या वेळेबाहेरचा फोन म्हणजे काळजीचं कारण, असं एकदा ठरलं की तो फोन खरंच लागला पाहिजे. मुलं रात्री फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकून झोपतात. आपल्या दुपारी दोनला काही झालं तर तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि व्हॉट्सअॅपचा कॉल मुक्यानेच वाजून थांबू शकतो. म्हणून तातडीचा फोन साध्या नंबरावर, पुढे +1 जोडून, आणि लागला नाही तर लगेच दुसऱ्यांदा. आयफोनमध्ये त्याच नंबरावरून तीन मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल वाजू द्यायची सोय असते, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आतल्या दुसऱ्या कॉलसाठी तशीच; दोन्हीकडे आई-बाबांचे नंबर कायम वाजतील असंही करता येतं. मात्र ती सेटिंग मुलांनी त्यांच्या फोनवर चालू करायची असते. आणि आपल्या बाजूने तपासायचं ते हे, की आपल्या सिमवर आयएसडी चालू आहे का आणि त्यात पैसे आहेत का. दाजींच्या सिमवर आयएसडी बंद होतं. लेक परत गेल्यावर तिला आधी कळवून तिच्या मध्यरात्री एकदा फोन लावून पाहिला, वाजला, तेव्हा दाजींना पटलं.

तातडी कशाला म्हणायचं हेही स्पष्ट बोलून घ्या. कुणी पडलं, छातीत दुखलं, दवाखान्यात दाखल केलं, जवळचं कुणी गेलं: तेव्हा रात्र बघायची नाही. गॅसच्या बुकिंगचा ओटीपी येत नाही, बँकेचं अॅप उघडत नाही, हयातीच्या दाखल्याचं काय करायचं: हे सोमवारसाठी. अक्काने त्यासाठी फ्रिजवर एक कागद लावलाय आणि आठवडाभर सुचेल ते त्यावर लिहिते. अर्ध्या अडचणी सोमवार येईपर्यंत शेजारचा मुलगा सोडवून जातो.

एका बाबतीत मात्र मला आपल्या पिढीशी थोडं कडक बोलायचंय. आजारपण लपवणं. "उगाच तिकडे जिवाला घोर कशाला" म्हणून आपण मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून टाकतो आणि डोळा बरा झाल्यावर सांगतो. आपल्याला तो समजूतदारपणा वाटतो. पण एकदा असं झालं की मुलांचा आपल्या "सगळं छान"वरचा विश्वास उडतो, आणि मग ठरलेल्या फोनचा उपयोगच राहत नाही. दर वेळी ती चेहरा निरखत बसतात. अक्काच्या घरी नियम झाला: दवाखान्याची पायरी चढलो की त्या आठवड्याच्या फोनमध्ये सांगायचं. "येऊ नकोस" असं सांगायचा अधिकार आपला. न सांगण्याचा नाही. आणि हाच नियम लेकीला, तिच्या नोकरीच्या आणि तब्येतीच्या बाबतीत.

फोन चुकणार, हेही ठरवतानाच धरून चाला. सव्वासाताला नाही आला तर वीस मिनिटं थांबायचं. शक्य असेल तर तिने "आज नाही, उद्या याच वेळी" एवढं लिहायचं. तेही आलं नाही तर आपण रागाचं काही न लिहिता दुसऱ्या दिवशीची वाट पाहायची. सलग तीनदा चुकला तर वेळ चुकीची आहे असं समजून वेळ बदलायची. सहाला फिरायला निघतानाच दाजी फोन हातात धरून असायचे, त्यामुळे सव्वासातचे साडेसात झाले की त्यांच्या हिशेबी तास-दीड तास उशीर झालेला असे. आता ते सात वाजता चहा टाकतात आणि फोन टीव्हीच्या टेबलावर राहतो.

आणि संपण्याची वेळही ठरवा. सुरू कधी होणार हे सगळे ठरवतात, संपणार कधी हे कुणी ठरवत नाही, म्हणून मुलं फोन लावायलाच कचरतात. अक्काकडे चाळीस मिनिटं. पहिली दहा नातीची. पाच वर्षांचं पोर त्याहून जास्त वेळ पडद्यासमोर टिकत नाही, त्याला "आजीला गाणं म्हणून दाखव" म्हणून उभं केलं की पुढच्या वेळी ते पळूनच जातं. दाजींनी एक युक्ती काढली. दर सोमवारी ते मागच्या फळीवर घरातली एक जुनी वस्तू ठेवतात आणि नातीने आल्या आल्या ओळखायचं, आज काय नवीन आहे. तांब्या झाला, फिरकीचा कंदील झाला. अडकित्ता ठेवला तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हा पक्षी चावतो का?" त्यावर दाजींनी सुपारी कातरून दाखवली, आणि त्या दिवशी दहाची पंधरा मिनिटं झाली. नात खेळायला गेली की उरलेला वेळ मोठ्यांचा. या वेळेत "अमक्याचा मुलगा रोज फोन करतो" आणि "आता कधी येणार?" ही दोन वाक्यं आणायची नाहीत असं अक्काने स्वतःहून ठरवलं. येण्याचं बोलणं वर्षातून एकदाच, रजा आणि तिकिटांचे दर समोर ठेवून होतं.

प्रत्येक घराला हेच वेळापत्रक लागू पडणार नाही. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे आपल्या रात्री तिकडची संध्याकाळ सहज सापडते. तिथलं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मेलबर्न आपल्या पुढे साडेचार तास, आणि तिथे उन्हाळा आपल्या दिवाळी-संक्रांतीच्या दिवसांत असल्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. दुबई कायम दीडच तास मागे. पण तिथे व्हॉट्सअॅपवरून कॉल होत नाहीत, तिथे चालणारं अॅप मुलाला विचारून घ्यावं लागतं. मुलगा रुग्णालयात पाळ्या करत असेल किंवा शिकता शिकता दुकानात काम करत असेल, तर वार ठरवण्याचा हट्ट धरू नका. त्याच्या पाळ्यांचा तक्ता लागला की त्याने पुढच्या आठवड्याच्या दोन वेळा कळवायच्या, एवढंच ठरवा.

आणि जे ठरेल ते कायमचं धरू नका. अमेरिकेची घड्याळं बदलतात ती बरोबर आपल्या होळी-पाडव्याच्या आणि दिवाळीच्या आसपास. तेव्हाच्या फोनमध्ये पाच मिनिटं काढून विचारायचं: ही वेळ जमतेय का, की बदलायची? नात शाळेत जाईल, जावयाची नोकरी बदलेल, आपली झोप अलीकडे सरकेल. दाजींनी यंदा दिवाळीत आपण होऊन सांगितलं की थंडीत फिरणं उशिरा होतं, साडेआठ करूया. झालं साडेआठ, चाळीस मिनिटांऐवजी पस्तीस.

सुरुवात कुणी करायची? माझं मत, आपण. मुलांनी वेळ ठरवूया म्हटलं तर आपल्याला ते अपॉइंटमेंट दिल्यासारखं लागतं. तेच आपल्याकडून गेलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. फोनवर बोलून नको, कारण बोलताना आवाज चढतो किंवा भरून येतो. लिहून पाठवा, साधं: "तुझा आठवडा कसा असतो ते लिही. आम्हाला सकाळी सात ते दहा आणि रात्री आठ ते साडेनऊ चालतं. आठवड्यातून एक मोठा फोन आणि जमला तर एक छोटा, एवढं पुरे. तिकडच्या आई-बाबांची वेळ आधी बघ. बाकीचे दिवस तू फोन केला नाहीस तर आम्ही काही मनात आणणार नाही." शेवटचं वाक्य लिहिण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारून घ्या, कारण ते पाळायचं आपल्याला आहे.